पिवळ्या धातूची साखळी

हॉटेलच्या हाउसकीपिंग खात्यात सापडलेल्या वस्तूंची एक नोंदवही असते. त्या वहीत सोन्याचे मंगळसूत्र कधी सापडत नाही. सापडते ती ‘पिवळ्या धातूची साखळी, काळे मणी व दोन वाट्या असलेली, नग एक’. हिऱ्याची अंगठी तिथे ‘पांढऱ्या खड्याची अंगठी’ होते. पोलिसांचा पंचनामा कधी वाचला असेल, तर ही भाषा ओळखीची वाटेल.

त्यामागचे कारण अगदी व्यवहारी आहे. नोंद करणारा सुपरवायझर काही सराफ नव्हे. त्याने ‘सोन्याचे’ लिहिले आणि दागिना मुळात एक ग्रॅमवाला, मुलामा दिलेला निघाला, तर खरा दागिना कुणी बदलला, असा प्रश्न उभा राहतो आणि हॉटेलचाच कागद हॉटेलविरुद्ध बोलू लागतो. म्हणून डोळ्यांना दिसते तेवढेच लिहायचे. रंग, आकार, नगसंख्या, कुठे तुटले आहे, कुठे गाठ मारली आहे, हे सारे लिहायचे. किंमत लिहायची नाही.

दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरच्या एखाद्या मध्यम हॉटेलात काय घडते, ते पाहू. 214 क्रमांकाच्या खोलीतले कुटुंब सकाळी अकराला बाहेर पडले. पुढचे पाहुणे दोनला येणार आहेत, म्हणून सफाई करणारा रूम अटेंडंट वीस मिनिटांत खोलीत शिरतो. आधी उश्या उचलून पाहायच्या, मग चादर गादीवरच झटकायची आणि त्यानंतरच ती ट्रॉलीत टाकायची, असा क्रम त्याला शिकवलेला असतो. हा क्रम चुकला की नाकातली चमकी चादरीबरोबर लाँड्रीत जाते आणि तिथून ती परत मिळेल याची खात्री कुणी देत नाही. कचऱ्याबद्दलही एक साधा नियम आहे. जे डस्टबिनमध्ये आहे तो कचरा, जे डस्टबिनबाहेर आहे ते पाहुण्याचे. मग तो टेबलावर पडलेला चुरगळलेला कागद का असेना.

आपल्या 214 मध्ये बाथरूममधल्या साबणाच्या फळीवर, हातरुमालाच्या घडीत, ते मंगळसूत्र असते. अंघोळीपूर्वी काढून ठेवलेले.

इथून पुढची दहा मिनिटे सर्वांत मोलाची. वस्तू आहे तिथेच ठेवून अटेंडंटने खोलीतल्याच फोनवरून हाउसकीपिंगच्या डेस्कला कळवायचे. डेस्क फ्रंट ऑफिसला विचारते, पाहुणे गेले का? बरेचदा ते अजून खालीच असतात. बिल चुकते करत असतात किंवा गाडीच्या डिकीत बॅगा भरत असतात. या एका फोनमुळे कितीतरी वस्तू रजिस्टर उघडण्याआधीच परत जातात. पाहुणे निघून गेले असतील, तर सुपरवायझर वर येतो. दोघांच्या देखत वस्तू उघडून मोजली जाते, पारदर्शक पिशवीत घालून बंद होते आणि चिठ्ठीवर दोघांच्या सह्या होतात. तारीख, वेळ, खोली क्रमांक, खोलीतली नेमकी जागा, वर्णन, कुणाला सापडली आणि आता कुठे ठेवली, एवढे रकाने रजिस्टरमध्ये भरले की नोंद पुरी होते.

या रकान्यांत वेळेचा रकाना बहुतेकांना किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात सगळा भार त्याच्यावर असतो. समजा, अटेंडंट प्रामाणिक आहे, पण अकरा खोल्या उरकायच्या घाईत त्याने तो रुमाल खिशात ठेवला. सगळ्या खोल्या झाल्या की देऊ, असे त्याच्या मनात होते. साडेबाराला वाईच्या आसपास पोचलेल्या बाईंचा हात गळ्याकडे जातो आणि त्या घाबऱ्याघुबऱ्या फोन करतात. दाराच्या इलेक्ट्रॉनिक कुलपात कोणत्या कार्डाने, किती वाजता दार उघडले, याची नोंद राहते. व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यात तो आत जाताना आणि बाहेर येताना दिसतो. रजिस्टर मात्र कोरे. आता त्याने खिशातून मंगळसूत्र काढून दिले, तरी ते ‘सापडलेले’ न राहता ‘फोन आल्यावर काढून दिलेले’ ठरते. तेच जर रजिस्टरमध्ये 11.35 ही वेळ असेल, तर साडेबाराचा फोन त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा होतो. पाहुण्यांच्या वस्तूची काळजी म्हणून ही वही ठेवतात असे सांगितले जाते, पण तिची सर्वाधिक गरज खोली झाडणाऱ्या त्या मुलाला असते. कारण काही हरवले की पहिला संशय त्याच्यावर जातो. नव्या मुलाला पहिल्या दिवशी चादर ताणून घालायला शिकवतात, त्याच दिवशी हे समजावून सांगितले पाहिजे.

नोंद झाल्यावर वाटा फुटतात. दागिने, रोकड, फोन, पासपोर्ट या गोष्टी सुरक्षा अधिकाऱ्याच्या उपस्थितीत तिजोरीत जातात. चार्जर, चष्मे, स्वेटर, लहान मुलांची खेळणी हाउसकीपिंगच्या कुलूपबंद कपाटात. त्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असावी. उघडलेले खाद्यपदार्थ एक-दोन दिवसांत टाकून देतात. किती दिवस ठेवायचे, याचे ठोकताळे हॉटेलागणिक वेगळे असतात, तरी साध्या वस्तू साधारण तीन महिने आणि मौल्यवान वस्तू सहा महिने ते वर्षभर, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. ब्रिटनमधली ट्रॅव्हलॉज ही हॉटेलसाखळी दरवर्षी सापडलेल्या चित्रविचित्र वस्तूंची यादीच जाहीर करते. तिथेही तीन महिन्यांत कुणी न नेलेल्या वस्तू धर्मादाय दुकानांकडे जातात.

मात्र हे महिने हॉटेलांनी आपल्या सोयीने ठरवलेले आहेत. भारतीय करार कायदा 1872 सालचा. त्याच्या कलम 71 नुसार दुसऱ्याची सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते आणि कलम 151 प्रमाणे सामान्य समंजस माणूस स्वतःची वस्तू जपतो तितक्या काळजीने त्याने ती जपायची असते. तीन किंवा सहा महिने असा आकडा त्यात नाही. विकण्याची मुभा कलम 169 देते, पण ती अरुंद आहे. मालक वाजवी शोध घेऊनही सापडत नसेल किंवा रीतसर खर्च द्यायला नकार देत असेल, आणि शिवाय वस्तू नासण्याच्या बेतात असेल किंवा सांभाळण्याचा खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशावर गेला असेल, तरच. मंगळसूत्र नासत नाही आणि तिजोरीत त्याला खर्चही येत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 314 तर मालकाचा शोध घेण्याआधी, वाजवी काळ न थांबता सापडलेली वस्तू आपलीशी करणाऱ्याला गुन्हेगार ठरवते. वाजवी काळ म्हणजे किती, हे त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर ठरते. म्हणून सहा महिने झाले की दागिना आपोआप हॉटेलचा झाला, हा समज चुकीचा आहे.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातला एक खटला या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिथल्या एका हॉटेलात खोली आवरताना सफाई कामगार महिलेला ड्रेसरच्या खणातल्या कागदाखाली शंभर डॉलरच्या आठ नोटा सापडल्या. तिने त्या हॉटेलमालकाच्या हवाली केल्या. नोटांचा खरा मालक काही सापडला नाही, तेव्हा तिने त्या स्वतःसाठी मागितल्या. 1948 मध्ये ओरेगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल हॉटेलच्या बाजूने दिला. नोटा कागदाखाली होत्या, म्हणजे त्या कुणीतरी मुद्दाम ठेवल्या आणि नंतर विसरल्या. ठेवणारा परत येईल तो त्याच जागी, त्यामुळे त्याच्यासाठी त्या सांभाळणे हे जागेच्या मालकाचे काम. शिवाय ती महिला तिथे नोकरीच्या कामानेच गेली होती. तर्क पटतो. पण ज्या हातांनी नोटा परत केल्या ते रिकामेच राहिले, हेही खरे. आपल्याकडच्या अनेक हॉटेलांत मुदत संपल्यावर किरकोळ वस्तू सापडलेल्या कर्मचाऱ्यालाच देतात. तेव्हा गेट पास बनतो, त्यावर हाउसकीपिंग प्रमुखाची सही असते आणि कामगारांच्या दाराशी, टाइम ऑफिसात, पिशवी तपासणारा पहारेकरी तो पाहूनच माणूस सोडतो. ही रीत चांगली आहे आणि ती टिकावी. दागिने, ओळखपत्रे आणि फोन यांना मात्र ती लागू करू नये. फोनमध्ये माणसाचे अर्धे आयुष्य असते.

आता परत करण्याची गोष्ट. सहसा पाहुण्यांना एक तक्रार असते, ‘सापडले होते, तर तुम्ही स्वतःहून का कळवले नाही?’ पुष्कळ हॉटेले मालकाकडून विचारणा येईपर्यंत गप्प राहतात, कारण पाहुणा इथे उतरला होता हेच त्याच्या घरी ठाऊक नसू शकते. घरच्या फोनवर निरोप ठेवला आणि वस्तू दुसऱ्याच कुणाची निघाली, तर एखाद्या घरात आग लागते. ही भीती खरी असली, तरी तिच्या आडोशाने पूर्ण मौन पाळणे बरोबर नाही. मौल्यवान वस्तू असेल, तर नोंदणीच्या वेळी पाहुण्याने स्वतः दिलेल्या मोबाइलवर फोन करावा, त्याच माणसाशी बोलावे आणि ‘खोलीत काही राहिले आहे का, पाहता का?’ एवढेच विचारावे. वस्तूचे नाव आपण घ्यायचे नाही.

वस्तूचे नाव न घेण्याचा फायदा पुढेही होतो. फोन करणाऱ्याला ‘तुमचे मंगळसूत्र ना?’ असे विचारले की उत्तर आपणच देऊन बसलो. त्याऐवजी वर्णन त्याच्याकडून काढायचे. किती पदरी? वाट्या कशा? कुठे ठेवले होते? 214 मधल्या बाई सांगतात, दोन पदरी, एका वाटीला बारीक पोचा, फासा तुटला म्हणून काळ्या दोऱ्याची गाठ. रजिस्टरमधल्या नोंदीत ती गाठ लिहिलेली असेल, तर पुढचे सारे सोपे.

मंगळसूत्र पाठवायचे कसे, हा प्रश्न राहतो. दागिने आणि रोकड साध्या कुरिअरने पाठवू नयेत. पाकीट वाटेत गहाळ झाले, तर भरपाई मर्यादित मिळते. फोन, पॉवर बँक यांच्या लिथियम बॅटरीमुळे विमानाने जाणाऱ्या पार्सलांवर निर्बंध आहेत. परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट पोलिसांमार्फत किंवा त्याच्या दूतावासामार्फतच जावा. चष्मा, स्वेटर, पुस्तक खुशाल टपालाने पाठवावे. खर्च पाहुण्याचा, पण तो आधी सांगून. आणि वस्तू किती दिवस ठेवली जाईल, हे प्रत्येक हॉटेलने नोंदणीच्या कार्डावरच मराठीत छापावे. सकाळी अकरापर्यंत खोली सोडावी, हे छापायला जागा मिळते, तर एका ओळीची आणखी मिळेल.

214 च्या बाई स्वतः येऊ शकत नाहीत. त्यांचे दीर शनिवारी महाबळेश्वरला येणार आहेत. मग बाईंनी नोंदणीतल्याच मोबाइलवरून किंवा ईमेलवरून दिरांच्या नावाने संमतिपत्र पाठवायचे, सोबत दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. दीर आले की पिशवी त्यांच्यासमोर फोडायची, नग मोजायचे, गाठ दाखवायची. मग ते बाईंना व्हिडिओ कॉल लावतात. बाई होकार देतात, आणि शेवटच्या रकान्यात दिरांची सही होते, तारीख आणि वेळेसह. सही झाल्यावर सुपरवायझरने त्या अटेंडंटला खाली बोलावून घ्यावे. 11.35 च्या नोंदीखाली त्याचे नाव आहे, आणि दिरांना त्याला भेटायचे आहे.