वडापाव सुटा करून मोजा

माझ्या धाकट्या बहिणीला टाइप वन मधुमेह आहे. तिचं शरीर इन्सुलिन बनवत नाही, त्यामुळे प्रत्येक खाण्याआधी त्यात कार्ब, म्हणजे कर्बोदकं, किती आहेत याचा अंदाज करून ती इन्सुलिन घेते. किती कार्बला किती इन्सुलिन, हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलं आहे. ताटात कार्ब किती, हे मात्र तिलाच ठरवावं लागतं. वरण, भात, पोळी यांचे अंदाज आता तिला तोंडपाठ आहेत. फसगत झाली ती वडापावने.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या गाडीवर गेलो. एक प्लेट म्हणजे दोन वडापाव. तिने मोबाइलमधल्या ॲपवर पाहिलं. ‘वडापाव, १ नग, कार्ब ३० ग्रॅम’. दोनाचे साठ धरून तिने इन्सुलिन घेतलं. दोन तासांनी साखर थोडी जास्त होती, पण घाबरण्यासारखी नव्हती. रात्री अकराला मात्र ती चढतच होती. आईचा निकाल लगेच आला, “तळकट खाऊ नकोस म्हणून किती वेळा सांगितलं!”

मला आईचं म्हणणं पटलं नाही आणि ॲपचंही नाही. हा लेख त्यातूनच निघाला. माझं मत साधं आहे. वडापाव ही एक वस्तू नाहीच. पाव, वडा, सुकी चटणी, गोड चटणी आणि तव्यावरचं बटर अशा पाच वस्तू एकावर एक ठेवलेल्या असतात. त्या सगळ्यांना मिळून एकच आकडा देणं म्हणजे आकडा सांगायचा म्हणून सांगणं. ॲपमधला ‘एक नग’ कुणाच्या गाडीवरचा, केवढा, कोणत्या चटणीचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच गाडीवरून सहा वडापाव बांधून आणले आणि घरी सुटे केले. चटण्या वेगळ्या पुड्यांत मागितल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाव ३८ ते ४६ ग्रॅम भरले, म्हणजे सरासरी ४२. वडे ६८ पासून ८३ पर्यंत गेले, सरासरी ७५. एकाच कढईतले, एकाच हाताने वळलेले वडे, तरी पंधरा ग्रॅमचा फरक!

पावाचा हिशेब सर्वांत सोपा. मैद्याच्या पावाच्या वजनात अर्ध्याहून थोडे जास्त कार्ब असतात, म्हणजे ४२ ग्रॅमच्या पावात साधारण २२. सगळे बटाट्याला नावं ठेवतात, पण उकडलेल्या बटाट्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. शंभर ग्रॅम बटाट्यात जेमतेम वीस ग्रॅम कार्ब. वड्यातल्या बटाट्याचे आणि बेसनाचे मिळून सोळा ग्रॅमच होतात. म्हणजे एका वडापावातले जवळजवळ निम्मे कार्ब त्या बिचाऱ्या दिसणाऱ्या पावात असतात आणि बदनाम होतो वडा.

वड्यात तेल किती, हे मात्र तयार वडा तोलून कळत नाही. मला वाटलं होतं, तळण्याआधीचं वजन आणि तळल्यानंतरचं वजन यांतला फरक म्हणजे तेल. रविवारी घरी बारा वडे केले. पिठात बुडवलेला वडा कढईत जाण्याआधी ६४ ग्रॅम, बाहेर आल्यावर ६०. वडा हलका झाला! मग तेल काय उणे चार ग्रॅम गेलं? झालं असं की वरच्या पिठातलं पाणी वाफ होऊन गेलं आणि त्यातल्या काही जागेत तेल शिरलं. गेलेलं पाणी जास्त, आलेलं तेल कमी. काटा फक्त बेरीज-वजाबाकीचा शेवट दाखवतो, त्यामागचे दोन आकडे दाखवत नाही.

म्हणून वड्याऐवजी कढई तोलायची. तेलासकट कढई आधी तोलली आणि सगळे वडे तळून झाल्यावर, पूर्ण गार झाल्यावर, पुन्हा तोलली. ७२ ग्रॅम तेल कमी झालं होतं. झाऱ्याला, कागदाला आणि चुऱ्याला लागलेलं मिळून बारा ग्रॅम धरले. उरलेले साठ, वडे बारा. एका वड्यात पाच ग्रॅम तेल, म्हणजे एक चमचा. शिवाय भाजीच्या फोडणीतलं एक ग्रॅमभर. बेसन धरतानाही एक चूक फार सहज होते. वड्याला लागलेलं वीस ग्रॅम ओलं पीठ म्हणजे वीस ग्रॅम बेसन नव्हे. त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. ॲपमध्ये ‘बेसन २० ग्रॅम’ भरलं की कार्ब आणि प्रोटीन दोन्ही दुपटीने फुगतात.

घरचे हे पाच ग्रॅम गाडीवर चालतील का? नाही. गाडीवरचा वडा मोठा असतो. शिवाय बरेच गाडीवाले दुपारी अर्धे कच्चे तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा सोडतात, म्हणजे तेल दोनदा पितो. कढईत एकदम पंधरा वडे पडले की तेल थंडावतं, कवच लवकर धरत नाही आणि तेल जास्त आत जातं. ओळखायचं कसं? वडा सोडल्यावर भोवती जोरात बुडबुडे आले तर वाफ बाहेर ढकलते आहे. वडा गुपचूप तळाशी बसून राहिला तर समजावं, हा पिणार.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. बरंचसं तेल वडा कढईत असताना आत जात नाही. तो बाहेर काढल्यावर गार होऊ लागतो, आतली वाफ आकसते आणि कवचावर लागलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईवरच नीट झटकणारा गाडीवाला आपलं भलं करतो. दहा मिनिटांनी टिश्यू पेपर दाबणारी आपली मंडळी फक्त टिश्यू पेपर वाया घालवतात. हे सगळं धरून गाडीच्या वड्याला मी तळणाचं तेल पाच ते नऊ ग्रॅम मानते. याहून नेमका आकडा कुणी सांगितला तर त्याला विचारावं, कढई तोलली होती का?

आता चटण्या. चमचाभर चटणी एक ग्रॅमच्या काट्यावर नीट तोलता येत नाही. म्हणून दहा चमचे एकत्र तोलायचे आणि दहाने भागायचं. हिरवी चटणी बहुतेक पाणी आणि कोथिंबीर, ती विसरली तरी चालेल. लाल सुकी चटणी दिसते मसाल्यासारखी, पण तिच्यात सुकं खोबरं आणि शेंगदाणे असतात. सहा ग्रॅममध्ये अडीच ग्रॅम फॅट निघतं. गोड चटणी याच्या उलट. तिच्यात फॅट नाही, पण चिंचेबरोबर गूळ किंवा साखर असते. दोन्ही बाजूंना लावलेल्या बारा ग्रॅममध्ये सात ग्रॅम कार्ब. दोन वडापावांत मिळून चौदा. बहिणीने हे चौदा धरलेच नव्हते.

शिवाय आपल्या बडोद्याची खासियत. ठाण्याचे आमचे मामा वडापाव म्हणजे कोरा पाव चिरून त्यात वडा, एवढंच मानतात. इथे पाव तव्यावर बटरमध्ये, मसाला लावून शेकतात. माझ्या अंदाजाने एका पावाला चार ग्रॅम बटर लागतं, म्हणजे तीन ग्रॅम फॅट. मुंबईच्या वडापावचा आकडा बडोद्याच्या प्लेटला लावला तर हे फॅट हिशेबातून गळतंच.

सगळं जोडून आमच्या गाडीची प्लेट अशी होते: दोन वडापाव, वर मूठभर बेसनाचा चुरा. कार्ब ९० ते ११०, प्रोटीन १७-१८, फॅट २८ ते ४५ ग्रॅम, उष्मांक ६८० ते ९००. बहिणीने धरले होते साठ. तीस ते पन्नास ग्रॅम कार्ब कमी धरल्यावर साखर चढणारच. ती उशिरापर्यंत का चढत राहिली, याचं उत्तर फॅटमध्ये आहे. तेलकट खाणं पोटातून सावकाश पुढे सरकतं, त्यामुळे साखर दोन तासांवर न दिसता मागाहून दिसते. म्हणजे आई अर्धी बरोबर होती. तेलाने साखर वाढायला उशीर लावला.

या आकड्यांकडे पुन्हा पाहा. कार्बची पट्टी अरुंद आहे, फॅटची रुंद. पाव आणि बटाटा तोलता येतात, तेल तोलता येत नाही, म्हणून हे असं होणारच. माझा आग्रह इतकाच आहे की जिथे अंदाज रुंद आहे तिथे तो रुंदच सांगावा. ‘फॅट १४.३ ग्रॅम’ असं लिहिणारं ॲप त्या दशांशाने आपल्याला फसवतं. प्रोटीनसाठी वडापाव खाणाऱ्या जिमवाल्या मित्रांनाही नम्रपणे सांगते, त्या सतरा-अठरा ग्रॅममध्ये निम्म्याच्या आसपास प्रोटीन पावाचंच आहे. बेसन आहे म्हणून फार भरवसा ठेवू नका.

मंडळातल्या एका मैत्रिणीने हा लेख वाचून तोंड वाकडं केलं. “अगं, वडापाव खायचा असतो, तोलायचा नसतो. सगळी मजा घालवलीस.” तिचं खरं आहे, तिच्यापुरतं. तिला न मोजता खाता येतं. माझ्या बहिणीपुढे दोनच रस्ते होते. मोजून खायचं किंवा घरच्यांच्या भीतीने कधीच खायचं नाही. मोजण्याने तिची मजा गेली नाही, परत आली.

आता ती गाडीवर काटा नेत नाही. पाव हातात घेऊन लहान-मोठा बघते, गोड चटणी एकाच बाजूला लावायला सांगते आणि कार्ब धरते पंचेचाळीस. बहुतेक वेळा एकच वडापाव खाते. डॉक्टरांशी बोलून रात्री उशिरा एकदा साखर तपासते. परवा गाडीवाल्या काकांनी विचारलं, “दुसरा नको?” ती म्हणाली, “काका, तुमचा पाव आज मोठा आहे.” काकांनी पाव हातात घेऊन पाहिला आणि मान डोलावली.