शिंगं गेली, शेपटी उरली

पटाचा हंगाम आला की एकोडीतल्या मोबाईलवर बैलांच्या शेपट्यांचे फोटो फिरू लागतात. याही आठवड्यात तेच झालं. भाच्याने मोठ्या कौतुकाने फोटो दाखवला. झेंडी स्वच्छ, धुळीचा कण न कण स्वच्छ, पलीकडच्या माणसाच्या शर्टाची बटणंही मोजता येतील, आणि जोडी कडेने निघून चाललेली. फोन नवा, दोनशे मेगापिक्सेलचा. त्याच जागी उभ्या असलेल्या त्याच्या काकाच्या तीन-चार वर्षं जुन्या साध्या फोनवर मात्र शिंगं झेंडीच्या अलीकडे आणि धुरकरी छकड्यावर ओणवा, असा नेमका क्षण सापडला होता. जे मला मेगापिक्सेलचा वैरी म्हणतात, त्यांनी हे दोन फोटो शेजारी ठेवून बघावेत.

भाचा म्हणाला, "मामा, बैल लय जोरात होते." बैल दोघांसाठी तेवढेच जोरात होते. जोडी सेकंदाला दहा मीटर पळते असं धरा. बटण दाबल्यावर फोनने तीन दशांश सेकंद घेतले, तर तेवढ्यात जोडी तीन मीटर पुढे जाते. झेंडीजवळ उभं राहून फोटो काढणाऱ्याच्या चौकटीतून बाहेर पडायला तेवढं पुरतं.

मग जुना फोन का जिंकला? कॅमेरा उघडा असताना फोन शेवटची काही चित्रं सतत आपल्या स्मृतीत साठवत असतो. बटण दाबलं की बरेच फोन नवं चित्र टिपत बसत नाहीत. दाबल्या क्षणाच्या आसपासचं साठ्यातलं चित्र उचलतात. काकाचा फोन नेहमीच्या साध्या मोडवर होता, त्यामुळे ही सोय चालू होती. भाच्याने दोनशे मेगापिक्सेलचा मोड लावला होता. एवढं अवाढव्य चित्र असं सतत साठवून ठेवणं जड जातं, म्हणून बहुतेक फोन त्या मोडमध्ये बटण दाबल्यावरच कामाला लागतात. तो मोड डोंगर आणि देवळासाठी आहे. डोंगर पळत नाही. मी भाच्याला त्याच फोनवर साधा मोड लावायला सांगितला. पुढच्या जोडीची शिंगं आली.

दुसरी भानगड बोटाची. काही फोनांत बोट टेकताच फोटो निघत नाही, उचलल्यावर निघतो. बटणावर बोट क्षणभर टेकवून उचला: फोटो टेकताच निघाला की बोट उचलल्यावर, हे लक्ष दिलं तर कळतं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत 'कॅमेरा असिस्टंट' घेतलं तर टेकताच फोटो काढण्याची सोय मिळते.

"मग बर्स्ट लावतो," असं भाचा म्हणालाच. जरूर लाव, पण जोडी यायच्या आधीपासून. सेकंदाला दहा फोटो म्हणजे दोन फोटोंत एक दशांश सेकंदाचं अंतर; तेवढ्यात जोडी एक मीटर सरकते आणि अंगणात पळणारं पोर तीस-चाळीस सेंटीमीटर. शिवाय आयफोन ११ पासून बटण दाबून धरलं की व्हिडिओ सुरू होतो. बर्स्टसाठी बटण डावीकडे ओढावं लागतं. पटाच्या गर्दीत हे आठवणार कुणाला? त्यापेक्षा सरळ सेकंदाला साठ चित्रांचा फोर-के व्हिडिओ घ्यावा आणि हवं ते चित्र वेचावं. ते आठ मेगापिक्सेलचंच असतं, पण त्यात शिंगं असतात.

संध्याकाळी घरातल्या पोराचा किंवा कुत्र्याच्या पिल्लाचा फोटो बिघडतो तो मात्र वेगळ्या कारणाने. क्षण बरोबर सापडतो, पण हात फरकाटलेला दिसतो. अंधारात फोन उजेड गोळा करायला शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. सेकंदाच्या तिसाव्या भागात, सेकंदाला तीन मीटर वेगाने हलणारा हात दहा सेंटीमीटर सरकतो. तिथे बर्स्ट लावला तर एकाऐवजी वीस पुसट फोटो मिळतील. दिवा लावा, नाहीतर पोराला दारात उजेडाला आणा. ओळखायची खूण सोपी: चित्र स्वच्छ पण क्षण चुकलेला, तर उशीर फोनच्या बटणाचा किंवा आपल्या बोटाचा; क्षण बरोबर पण हलणारं तेवढंच पुसट, तर उजेड कमी.

फोन घेणार असाल तर दुकानात एक करा. दुसऱ्या मोबाईलवर शतांश सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करा, पाच सेकंदांच्या आकड्यावर नेम धरून बटण दाबा आणि फोटोत कोणता आकडा आला ते बघा. पाच-सहा वेळा करा, कारण एखाद्या वेळी आपलंच बोट चुकतं. दर वेळी ५.३०च्या आसपास येत असेल, तर तो फोन पटाला नेऊ नका. दुकानदार मेगापिक्सेल सांगू लागला तर सांगू द्या, स्टॉपवॉच मात्र बंद करू नका.