पक्का परवाना : सराव रोजचा, पण स्लॉट आधी

शिकाऊ परवाना हाती आला की बहुतेक उमेदवार ‘हात बसला की टेस्ट देऊ’ असे ठरवतात. इथेच वेळापत्रक चुकते. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. म्हणजे हातात खरे तर पाचच महिने असतात.

समजा, परवाना 1 जूनला मिळाला. त्याची मुदत 30 नोव्हेंबरला संपते. मोबाइलमध्ये आठवण लावायची ती जुलैच्या पहिल्या आठवड्याची, ‘सारथी’ संकेतस्थळावर स्लॉट घेण्यासाठी. हवी ती तारीख लगेच मिळेलच असे नाही. मिळेपर्यंतचे दिवस सरावालाच लागतात. जुलैच्या मध्यावर नापास झाला, तर सात दिवसांनंतर पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र साठ दिवस थांबावे लागते. तिसरी चाचणी ऑगस्टच्या सुरुवातीला झाली असेल तर हे साठ दिवस ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतात, मुदत तरीही शिल्लक राहते. हाच उमेदवार 24 नोव्हेंबरला पहिल्यांदा गेला आणि नापास झाला, तर सात दिवस सरेपर्यंत परवानाच संपलेला असतो. मग पुन्हा शुल्क, पुन्हा संगणकावरची परीक्षा आणि पुन्हा तीस दिवस.

नियमांचा सराव हा दुसरा कच्चा दुवा. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत साठ टक्के उत्तरे बरोबर आली की पुस्तक माळ्यावर जाते. पाठ केलेले आठवड्यात विसरते. त्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे, तीही शक्यतो रस्त्यावर द्यावीत. गोल लाल कडेची खूण मनाई सांगते, निळा गोल सक्ती सांगतो, त्रिकोण धोक्याची सूचना देतो. उलटा त्रिकोण मात्र ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’ म्हणतो. निळ्या गोलावर एक तिरपी लाल रेघ म्हणजे पार्किंगला मनाई; दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाही मनाई. बसथांब्याजवळ गाडी लावून फोनवर बोलणाऱ्या कित्येकांना हा फरक ठाऊक नसतो, पक्का परवाना खिशात असूनही!

एक दिवस फक्त हाताच्या इशाऱ्यांना द्यावा, एक दिवस चौकात कोणी कोणाला आधी जाऊ द्यायचे यासाठी. चारचाकी मागे घेणे आणि चढावर मागे न घसरता निघणे हे जास्त वेळ मागते. दर आठवड्याला दोनदा तरी हवे. दुचाकीस्वाराने पाय न टेकता आठ काढावा. चारचाकीचा सराव करताना शेजारी पक्का परवानाधारक शिकवणारा आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवाच. चाचणीच्या आदल्या दिवशी नवे काही शिकू नये. मूळ कागदपत्रे आणि गाडीचा विमा, पीयूसी तेवढे तपासून ठेवावे.