निळ्या टिकांचं ज्योतिष

आमच्या पिढीने कुंडली बघणं सोडलं, असं म्हणतात. साफ खोटं आहे. आपण फक्त ग्रह बदलले. पूर्वी शनी कुठल्या घरात ते बघायचे, आता "लास्ट सीन ११:४२, मेसेज ११:१५ चा, म्हणजे मुद्दाम टाळतेय" असलं गणित मांडतात. २०१४ च्या शेवटी व्हॉट्सॲपने निळ्या टिका आणल्या आणि गल्लोगल्ली ज्योतिषी तयार झाले. डेटिंग ॲप असो की लग्नाची साईट, मॅच झालं की मित्रमंडळ चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन बसतं आणि निकाल देतं: दोन मिनिटांत उत्तर म्हणजे इंटरेस्ट, सहा तासांनी म्हणजे विषय संपला.

माझं म्हणणं सरळ आहे. वेळ हा सगळ्यात निकामी पुरावा. निदान आमच्या पालघर-बोईसरात तरी.

का ते बघा. तारापूर एमआयडीसीतली कितीतरी पोरं पाळीत काम करतात. या आठवड्यात पहिली, पुढच्या आठवड्यात दुसरी, मग रात्रपाळी. ज्या प्लांटमध्ये पेट घेणारी सॉल्व्हंट्स हाताळतात तिथे मोबाईल आत नेताच येत नाही, तो लॉकरमध्ये राहतो. मग आठ तास उत्तर नाही. आता दुसरी बाजू. पालघरहून अंधेरीला नोकरीला जाणारी मुलगी. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावते खरी, पण फेऱ्या अजून मोजक्याच. एक गाडी चुकली की संध्याकाळ गेली. लेडीज डब्यात एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने ती तुम्हाला काय निबंध लिहिणार?

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी मोजून पॅकेटमध्ये काय आहे ते कळत नाही. लेटन्सीवरून कळते ती लाईनची अवस्था.

वेळेचा उपयोग एकाच पद्धतीने होतो: त्या माणसाची त्याच्याशीच तुलना करायची. उत्तरं यायची वेळ बरोबर सोमवारी बदलली तर ते पाळीचं वेळापत्रक आहे, मन नव्हे. मन काही दर सोमवारी बदलत नाही. पण पाळी तीच, गाडी तीच, आणि रोज रात्री येणारं उत्तर आधी एक दिवसाआड आणि मग चार दिवसांनी येऊ लागलं, तर तिथे काहीतरी ओसरलंय.

लांबीचंही तसंच. लांब मेसेज म्हणजे रस, हा दुसरा गैरसमज. काही जण जिथे तिथे लांबच लिहितात, बहुतेक वेळा स्वतःबद्दल. माझं ट्रेकिंग, माझा बॉस, माझी बुलेट! त्यात तुम्ही कुठेच नसता, तुमच्या जागी दुसरं कुणीही चाललं असतं. उलट कुणी इंग्रजीत लिहायला अवघडतं म्हणून तीन शब्दांत आटोपतं. त्याच माणसाला मराठीत विचारा, पानभर उत्तर येतं. म्हणून शब्द मोजू नका. त्या शब्दांत तुम्ही सांगितलेलं काही आहे का, ते बघा.

आणि इथेच खरा मुद्दा येतो: प्रश्न.

प्रश्न तीन जातीचे. पहिला फॉर्म भरण्याचा: पॅकेज किती, घर स्वतःचं का, भावंडं किती. लग्नाच्या साईटवर हे येणारच, आणि बरेचदा ते विचारणारे तिचे बाबा किंवा ताई असतात, कारण प्रोफाईल तेच चालवतात. (कोणाशी बोलतोय ते आधी विचारून घ्या. मोठी फजिती वाचते :-)) दुसरा परतीचा: "आणि तू?" ही शिष्टाई झाली, वाईट नाही. तिसरा पाठपुराव्याचा, म्हणजे तुमच्या उत्तरातून निघालेला प्रश्न. तो ऐकल्याशिवाय विचारताच येत नाही.

एक मित्र बोईसरला केमिकल कंपनीत सुपरवायझर आहे. एकाच महिन्यात त्याला दोन मॅच मिळाल्या. पहिलीची उत्तरं दोन मिनिटांत: "वॉव", "मस्त", "जेवलास का?" दुसरी पालघरची, दिवसातून एकदाच, रात्री दहाच्या पुढे. आमच्या कट्ट्याने एकमताने पहिलीला पास केलं. मग याने दोघींना कळवलं की प्लांटचा शटडाऊन चालू आहे, आठवडाभर मरमर. पहिलीचं लगेच उत्तर: "ओह, टेक केअर." दुसरीचं दुसऱ्या रात्री: "शटडाऊन म्हणजे प्लांट बंद ना? मग तुम्हाला सुट्टी का नाही?" याने समजावलं की चालू प्लांटमध्ये जे उघडता येत नाही ते तेव्हाच उघडून साफ करतात. पुढे तीन दिवसांनी तिचा मेसेज: "झाले का ते व्हेसल साफ?"

तीन दिवसांपूर्वीची गोष्ट लक्षात ठेवून परत विचारली, यापेक्षा मोठी निळी टिक कुठली हवी?

याला संशोधनाचा आधार आहे, पण तो नीट वाचायला हवा. हार्वर्डच्या कॅरन हुआंग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रश्न विचारण्यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्पीड डेटिंगमध्ये पाठपुराव्याचे प्रश्न जास्त विचारणाऱ्यांना पुन्हा भेटायला होकार मिळण्याची शक्यता जास्त दिसली. नीट बघा: विचारणारा आपल्याला आवडू लागतो, असं ते सांगतंय. विचारणाऱ्याला आपण आवडलो, असं नव्हे. हा फरक महाग पडू शकतो. पैसे उकळायला बसलेला भामटा लगेच उत्तर देतो, लांब लिहितो आणि प्रश्नही झकास विचारतो. तोच तर त्याचा धंदा. उलट खरी मुलगी सुरुवातीला कमी विचारते, कमी सांगते, कारण अनोळखी पुरुषाला आपलं स्टेशन आणि गाडीची वेळ सांगायची नसते. ती सावध आहे एवढंच, तिला रस नाही असा अर्थ काढू नका.

म्हणून शेवटची चाचणी शब्दांची नाही. भेटायचं विचारा, दिवस आणि जागा सांगून, चारचौघांतली. मित्राने दोघींना रविवारी केळव्याच्या बीचवर यायचं का विचारलं. पहिली म्हणाली, "बघू, सांगते ना." दुसरी म्हणाली, "रविवारी पाहुणे आहेत. शनिवारी चालेल? पण केळवा लांब पडेल, पालघरलाच कॉफी घेऊ."

दोन्ही वरवर नकारच. पण एका नकारात दुसरा दिवस आहे, दुसरी जागा आहे. दुसऱ्यात काहीच नाही. "बघू" एकदा ठीक. दोनदा विचारूनही "बघू"च आलं तर ते उत्तर आहे, ते मान्य करा आणि तिसऱ्यांदा विचारू नका. कट्ट्याकडे स्क्रीनशॉट पाठवून त्यातून "हो" पिळून काढू नका.

आणि हो, आरसाही बघा. आपली शेवटची वीस उत्तरं वर सरकवून वाचा. तिने सांगितलेल्या किती गोष्टींबद्दल आपण परत विचारलं? शून्य आलं, तर तिच्या लास्ट सीनचा हिशोब मागायचा आपल्याला काय अधिकार?