दोनाचा घोळ, अर्थात ‘सर, हे डायवर का साइडला?’

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात लहानपणी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना मी कितीदा तरी बघितलंय. लोहार आधी लाकडी चाकाचा बाहेरून घेर मोजायचा. मग त्याहून थोड्या कमी घेराची धाव तयार करायचा, गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद करायचा आणि दोघं-तिघं मिळून सांडशीनं उचलून चाकावर बसवायचे. लगेच पाणी. वाफेचा भपकारा, लाकडाचा करकर आवाज, आणि सगळे आरे तुंब्यात घट्ट. आता रबरी टायरच्या गाड्यांमुळे हे दृश्य दुर्मिळ झालंय. पण थर्ड इयरला सरांनी फळ्यावर कंपाउंड सिलिंडर काढला तेव्हा मला पहिल्यांदा तीच धाव आठवली.

आज लिहितोय ते त्या धावेबद्दल नाही, तर आमच्या ग्रुपनं फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये केलेल्या एका चुकीबद्दल. लोहारानं ती चूक कधीच केली नसती. का, ते शेवटी सांगतो.

प्रोजेक्ट होता एका जाड नळीचा. आतलं भोक 100 मि.मी., बाहेरचा व्यास 200 मि.मी. आणि आत 100 मेगापास्कलचा दाब. म्हणजे साधारण हजार बार, थट्टा नाही! एकसंध नळी घेतली तर भोकाच्या पृष्ठभागावर हूप स्ट्रेस येतो 167 मेगापास्कल. तोच बाहेरच्या पृष्ठभागावर फक्त 67. आतला मजूर ओझ्यानं वाकलाय आणि बाहेरचा झाडाखाली बसलाय, असा प्रकार. म्हणून दोन नळ्या घ्यायच्या: आतली 100 ते 150 व्यासाची, बाहेरची 150 ते 200 ची. बाहेरचीचं भोक मुद्दाम जरा लहान ठेवायचं, ती तापवून आतलीवर सरकवायची. थंड होताना ती आवळली जाते. आतली दाब येण्याआधीच कॉम्प्रेशनमध्ये जाते, बाहेरची टेन्शनमध्ये. मग खरा दाब आला की आतलीला आधी कॉम्प्रेशन फेडावं लागतं आणि बाहेरची आपला वाटा उचलते.

प्रश्न एकच, भोक किती लहान ठेवायचं? इथं आपण सगळे लांबलचक फॉर्म्युला पाठ करतो आणि त्यामागची साधी गोष्ट विसरतो. सांध्यावर बाहेरची नळी ताणून थोडी मोठी होते आणि आतली दबून थोडी लहान होते. दोघींनी मिळून इंटरफिअरन्स ‘खाऊन टाकायचा’ असतो. दोन्ही नळ्या एकाच स्टीलच्या असतील तर सांध्यावरचा बाहेरचीचा टेन्शनचा हूप स्ट्रेस अधिक आतलीचा कॉम्प्रेशनचा हूप स्ट्रेस बरोबर E गुणिले (इंटरफिअरन्स भागिले व्यास). बस्स. पॉयसन रेशो दोन्हीकडे सारखाच असल्यानं कटून जातो.

लामेच्या समीकरणांतून आमच्या मापांसाठी सांध्यावर बाहेरच्या नळीचा स्ट्रेस कॉन्टॅक्ट प्रेशरच्या 3.57 पट येतो आणि आतलीचा 2.6 पट. बेरीज 6.17. म्हणजे

p × 6.17 = E × (इंटरफिअरन्स / व्यास)

आमच्यातल्या एकानं रात्रभर बसून हिशोब केला की भोकावरचा आणि बाहेरच्या नळीच्या आतल्या कडेचा असे दोन्ही हूप स्ट्रेस सारखे यायचे असतील तर व्यासावर 0.048 मि.मी. इंटरफिअरन्स हवा. आम्ही 0.05 धरला. E 200000 घेतला तर p येतो सुमारे 10.8 मेगापास्कल. आता भोकावर कॉन्टॅक्ट प्रेशरच्या 3.6 पट कॉम्प्रेशन येतं, म्हणजे 39. तिथं 167 चे 128 झाले. बाहेरच्या नळीच्या आतल्या कडेवर दाबामुळे 93 होते, त्यात 39 ची भर पडून झाले 131. कुठंही 131 च्या वर नाही. एकसंध नळीच्या 167 पेक्षा कितीतरी बरं! आम्ही खूश. ड्रॉइंगवर लिहिलं, ‘इंटरफिअरन्स 0.05’. एवढंच.

वर्कशॉपमधल्या टर्नरकाकांनी ड्रॉइंग बघून विचारलं, “सर, हे 0.05 डायवर का साइडला?” हिशोब करणारा मित्र तेव्हा मेसमध्ये. मी पुस्तक आठवलं. त्यात डेल्टा त्रिज्येवरचा होता. मी छातीठोक सांगितलं, “साइडला.” झालं! साइडला 0.05 म्हणजे डायवर 0.1. इंटरफिअरन्स दुप्पट.

ऑइल बाथमध्ये रिंग तापवली. आम्ही 0.05 चा इंटरफिअरन्स आणि सरकवायला 0.1 ची मोकळीक धरून तापमानवाढ काढली होती 83 अंश. म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात, खोलीतच 40 असताना, साधारण 125 अंश. प्रत्यक्षात मोकळीक 0.05 च उरली. तरी रिंग जरा घासत, पण बसली. चूक तिथंही लपून राहिली. बाहेरून काहीच दिसत नाही हो! घट्ट ते घट्टच.

उघडकीला आणलं टर्नरकाकांच्याच सवयीनं. रिंग बसवण्याआधी त्यांनी बाहेरचा व्यास मोजून मार्करनं लिहून ठेवला होता. थंड झाल्यावर पुन्हा मोजला. वाढ 0.055 मि.मी.च्या आसपास. आमच्या हिशोबानं ती 0.028 हवी होती. बाहेरच्या पृष्ठभागावर रेडियल स्ट्रेस शून्य असतो, त्यामुळे व्यासवाढ भागिले व्यास गुणिले E केलं की तिथला हूप स्ट्रेस थेट मिळतो: 28 हवा होता, मिळाला 55. कॉन्टॅक्ट प्रेशर 10.8 ऐवजी 21.6 झाला होता.

मग परिणाम काय? भोकावर 167 चे 89 झाले, भलतंच छान. पण बाहेरच्या नळीच्या आतल्या कडेवर 93 अधिक 77, म्हणजे 170! दोन नळ्या, ग्राइंडिंग, ऑइल बाथ, सगळा खटाटोप करून सर्वांत जास्त हूप स्ट्रेस एकसंध नळीपेक्षाही जास्त. ओझं आतल्या मजुराच्या डोक्यावरून काढलं आणि झाडाखालच्याच्या डोक्यावर त्याहून मोठं ठेवलं. बरं, तडा जायचा तो आतून बाहेर दिसणार नाही अशा सांध्याच्या जागी.

मॅक्झिमम शिअर थिअरीवाले मित्र इथं आडवे येतील, आणि त्यांचं बरोबर आहे. शिअरसाठी हूप आणि रेडियल स्ट्रेसमधला फरक बघावा लागतो. तसं बघितलं तर भोकावर आतला दाबही मोजला जातो, आणि आमच्या नळीला योग्य इंटरफिअरन्स व्यासावर 0.084 च्या आसपास येतो. डक्टाइल स्टील यील्ड होण्याचीच भीती असेल तर आमची चूक तितकी जीवघेणी नव्हती. पण दाब वारंवार चढत-उतरत असेल, किंवा बाहेरची रिंग ठिसूळ असेल, तर टेन्शनचा हूप स्ट्रेसच तडा उघडतो. म्हणजे ‘योग्य इंटरफिअरन्स’ हा आकडा विचारण्याआधी ‘कशानं तुटेल?’ हे विचारावं लागतं. आम्ही चाचणीचा दाब कमी ठेवला आणि रिपोर्टमध्ये घडलं ते लिहिलं.

आता माझं म्हणणं. आपल्या परीक्षेत हा प्रश्न कायम एकाच साच्यात येतो. इंटरफिअरन्स म्हणून एक नेमका आकडा दिलेला असतो, त्यावरून कॉन्टॅक्ट प्रेशर काढा, स्ट्रेसचे आलेख काढा, दहा मार्क. वर्कशॉपमध्ये असा एक आकडा कधीच नसतो. 150 व्यासाला H7/p6 फिट दिलं तर भोक 0 ते +0.040 आणि आतली नळी +0.043 ते +0.068. म्हणजे इंटरफिअरन्स 0.003 ते 0.068 यांमधला कुठलाही! एका टोकाला कॉन्टॅक्ट प्रेशर जेमतेम 0.65 मेगापास्कल, रिंग असून नसल्यासारखी. दुसऱ्या टोकाला 14.7. फिट टेबल बघून ‘प्रेस फिट आहे ना, झालं’ म्हणणाऱ्याला हे कळतच नाही. उपाय टर्नरकाकांना माहीत होता: आधी रिंगचं भोक पूर्ण करून मोजायचं, आणि मग आतली नळी त्या मापाला धरून ग्राइंड करायची.

आणि मोजताना दोन्ही तुकडे एकाच तापमानाला हवेत. रिंग नुकतीच मशीनवरून उतरलेली किंवा खिडकीच्या उन्हात ठेवलेली, आणि आतलीपेक्षा नुसती 10 अंशांनी गरम असेल, तर 150 व्यासावर 0.018 मि.मी.ची चूक होते. आपल्याला हवे होते 0.05. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त इंटरफिअरन्स परभणीच्या उन्हानंच वाढवला!

तेव्हा सरांना नम्र विनंती. याच प्रश्नात तीन ओळी वाढवा. इंटरफिअरन्स व्यासावर की त्रिज्येवर हे विद्यार्थ्याला स्वतः लिहायला लावा. फिटची दोन्ही टोकं देऊन दोन्हीकडचे स्ट्रेस विचारा. आणि रिंग बसल्यावर बाहेरचा व्यास किती वाढेल ते काढायला सांगा, कारण मायक्रोमीटरनं पडताळता येणारं उत्तर तेवढंच आहे. मार्क दहाच ठेवा, आमची तक्रार नाही.

आणि लोहारानं ही चूक का केली नसती? कारण तो त्रिज्याही मोजत नव्हता आणि व्यासही नाही. तो घेर मोजायचा. घेरातला फरक भागिले घेर हा सरळ स्ट्रेन असतो, त्यात दोनाचा घोळ शिरायला जागाच नाही. लाकूड दबतं, सांधे मिटतात, म्हणून त्याचा फरक आपल्यापेक्षा पुष्कळ मोठा असायचा. पण मोजायची रीत पक्की होती. स्टीलवर स्टील असेल तर मी आता हेच लक्षात ठेवतो: मीटरभर घेरामागे 1 मि.मी. कमी म्हणजे सांध्यावर दोघींनी मिळून वाटून घ्यायचे 200 मेगापास्कल. आम्हाला हवा होता मीटरमागे 0.33, आम्ही दिला 0.67.

ड्रॉइंगवर ‘डायवर’ हा एक शब्द लिहिला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. बघा पटतंय का. नाही पटलं तर रूमवर या, रिंग अजून कॉटखाली आहे. मायक्रोमीटर मात्र तुमचा आणा.