हात वर केला, पण आवाज कुठे?

गेल्या जुम्म्याला रात्री नारायणगडहून आम्ही टेलिग्रामच्या कौटुंबिक ग्रुपवर व्हॉइस चॅट भरवली. गोंगाट नको म्हणून भाचीने, म्हणजे आमच्या ॲडमिनने, आधीच `New participants are muted` निवडले होते. त्यामुळे नंतर येणारा प्रत्येक जण फक्त श्रोता.

फुफीला बोलायचे होते. अशा वेळी माइकचे मोठे बटण दाबले की माइक सुरू होत नाही, फक्त हात वर होतो. भाचीला यादीत फुफीच्या नावाशी विनंती दिसली. तिने नावावर दाबून `Allow to Speak` दिले. तरी शांतता! सगळे म्हणाले, नेट गेले असेल.

नेट ठीक होते. परवानगीने माइक आपोआप उघडत नाही. घरातले खाजगी बोलणे अचानक सर्वांच्या कानी पडू नये, हे बरेच म्हणायचे. फुफीने तेच बटण दुसऱ्यांदा, `Unmute` दिसल्यावर, दाबायला हवे होते. दाबले, आणि पहिले वाक्य ऐकू आले, "अगं, मी केव्हाची बोलतेय!"

बोलून झाल्यावर मात्र फुफीचा माइक उघडाच राहिला. मिक्सरची घरघर सुरू झाली तेव्हा भाचीने तो ॲडमिन म्हणून बंद केला. आता पुन्हा बोलायचे तर फुफीला पुन्हा हात वर करणे आले.