एक सोफा, दोन वेग



मागे एका ओळखीच्या बाईंनी फोनवर विचारले, "तुम्ही दोघं मिळून मालिका बघता तरी कशी? आमचे हे एका बैठकीत चार भाग संपवतात आणि मला एकातच झोप येते." आम्हांला हसू आले, कारण आमच्या घरीही हेच भांडण झाले होते.

आम्ही 'श्तिसेल' बघायला घेतली होती. जेरुसलेममधल्या एका हरेदी कुटुंबाची ही इस्रायली मालिका २०१३ साली सुरू झाली. त्यातली म्हातारी आजी वृद्धाश्रमात जाते आणि तिथल्या टीव्हीतच रमते. ते बघून आम्ही खूप हसलो, पण पुढे आमचेच बिनसले. पहिल्या पर्वात बारा भाग आहेत आणि एक भाग साधारण पाऊण तासाचा. आम्ही मंगळवारी एक आणि शब्बाथ गेल्यावर शनिवारी रात्री एक, असे बघणार. म्हणजे बारा भागांना सहा आठवडे! आमच्या ह्यांना रात्री झोप नाही. आम्ही निजल्यावर ते रोज तीन भाग बघत, म्हणजे त्यांचे चार रात्रींत पर्व संपले. वर आमच्या शेजारी बसून काही माहीत नसल्यासारखे करायचे. पण वाईट प्रसंग यायच्या आधीच त्यांचा सुस्कारा निघाला आणि चोरी पकडली गेली. पेशंटने गोळी जिभेखाली लपवली तर आम्हां नर्सला कळते, मग हे काय कळणार नाही?

पूर्वी असे होत नसे. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी एकच भाग यायचा. घाई असलेला आणि संथ असलेला, दोघांनाही आठवडाभर थांबावेच लागे. आता रिमोट आपल्या हाती आहे, म्हणून मालिका निवडतानाच विचार करायला हवा.

आमची परीक्षा सोपी आहे. पहिला भाग दोघांनी बघावा आणि शेवटच्या पाच मिनिटांकडे लक्ष द्यावे. भागाच्या सुरुवातीला जो प्रश्न पडला, तो शेवटी सुटला का? की ऐन वेळी दार वाजले आणि पडदा काळा झाला? दार वाजवणारी मालिका अशा जोडप्याने एकत्र घेऊ नये. एकाला थांबवत नाही आणि दुसऱ्याची मजा जाते.

ह्या परीक्षेत आमच्याकडे 'कॉल द मिडवाइफ' पास झाली. लंडनच्या गरीब वस्तीतल्या सुईणींची ही मालिका बीबीसीने २०१२ साली सुरू केली आणि तिची गोष्ट १९५७ पासून पुढे जाते. पहिल्या पर्वात सहाच भाग आहेत. एका भागात एखादी बाई अडते आणि बहुधा त्याच भागात तिची सुटका होते. हे दोन भाग पुढे गेले तरी आमच्या बाळंतिणीचे गुपित फुटत नाही. आम्ही मात्र एकच भाग बघून, पोटाला लावायचा तो कर्णा नीट धरलाय का, ह्यावर दोन दिवस बोलतो.

मात्र सुईणींची स्वतःची लग्ने आणि ताटातुटी भागांमागून भाग चालू राहतात. म्हणून पर्वाचा शेवटचा भाग एकट्याने बघायचा नाही, हा आमचा करार आहे.

सलग गोष्टच आवडत असेल तर छोटी घ्यावी. २०२० सालच्या 'अनऑर्थोडॉक्स'चे चारच भाग आहेत. चार शनिवार थांबणे घाईच्या माणसालाही जमते. मोठी मालिका त्याने एकट्याची म्हणून वेगळी ठेवावी.

आणखी एक. नेटफ्लिक्सवर दोघांची प्रोफाइल वेगळी करा. एकच असली की आपण कुठे थांबलो होतो ती खूण पुढे सरकते आणि संथ माणसाला भलताच भाग दिसतो. भाग आपोआप सुरू होतो, तेही बंद करता येते. संगणकावर खात्यात आपली प्रोफाइल निवडून Playback settings मध्ये जा आणि "Autoplay next episode in a series on all devices" समोरची खूण काढा. नातवंडांकडून करून घ्या.

आणि नातवंडांनो, तुमची 'ब्लुई' आठवा. साधारण सात मिनिटांत गोष्ट पुरी! म्हणून तर धाकट्याने एक बघितली आणि थोरल्याने पाच, तरी तुमचे भांडण होत नाही.

आमचे हे आता पुढचे बघून आले की आधीच सांगतात, "मी बघितलंय, पण तुझ्याबरोबर पुन्हा बघतो." भाग तोच असतो, पण आता सुस्कारा टाकायच्या आधी ते आमचा हात धरतात.